कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डिंगसाठी नॅसमध्ये किती जागा घ्यावी: बिटरेटपासून डिस्कपर्यंतचा हिशोब

कॅमेरे लावायचे आणि त्यांचं रेकॉर्डिंग नॅसवर, म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या डिस्कांच्या पेटीवर, ठेवायचं ठरलं की पहिला प्रश्न असतो, "किती टीबीची डिस्क घेऊ?" आणि बहुतेक वेळा उत्तर येतं ते कॅमेऱ्यांची संख्या आणि मेगापिक्सेल बघून. पण डिस्क भरण्याच्या हिशोबात मेगापिक्सेल कुठेच येत नाहीत. त्यात येतात फक्त तीन गोष्टी: प्रत्येक कॅमेरा सेकंदाला किती बिट पाठवतो, असे किती कॅमेरे आहेत, आणि रेकॉर्डिंग किती दिवस ठेवायचं आहे. पाच मेगापिक्सेलचा कॅमेरा २ एमबीपीएसवर, म्हणजे सेकंदाला २ मेगाबिटवर, चालवला तर तो ४ एमबीपीएसवर चालणाऱ्या दोन मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यापेक्षा निम्मीच जागा घेईल. चित्र कसं दिसेल हा वेगळा विषय, पण डिस्कला फक्त बिट कळतात.

पुढचा सगळा हिशोब सहा कॅमेऱ्यांच्या एका उदाहरणावर करू. रस्त्याकडे तोंड असलेला एक फाटकावरचा कॅमेरा, इमारतीच्या बाहेरच्या बाजूंना तीन, आणि आत दोन. रेकॉर्डिंग चोवीस तास, आणि ते ३० दिवस हवं आहे.

पायरी १: एकच आकडा लक्षात ठेवा, १०.८

बिटरेट बिटमध्ये मोजतात आणि डिस्क बाइटमध्ये. एका बाइटमध्ये आठ बिट असतात. एका दिवसात ८६,४०० सेकंद असतात. म्हणजे सतत १ एमबीपीएस पाठवणारा कॅमेरा दिवसभरात ८६,४०० मेगाबिट पाठवतो. त्याला आठने भागलं की १०,८०० एमबी, म्हणजेच १०.८ जीबी. हा आकडा पाठ झाला की हिशोब कागदाच्या कपट्यावर होतो:

```
GB per day = total Mbps × 10.8
total GB   = GB per day × days
```

इथे सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे आठने भागायचं विसरणं. कोणी सहा कॅमेऱ्यांना तीस दिवसांसाठी ५०-६० टीबी लागतील असं सांगत असेल, तर आधी त्याने बिटलाच बाइट समजलं नाही ना, ते बघा.

पायरी २: बिटरेट कॅमेऱ्याच्या पानावरून घ्या, खोक्यावरून नाही

प्रत्येक आयपी कॅमेऱ्याचं स्वतःचं एक वेब पान असतं. त्यात व्हिडिओच्या सेटिंगमध्ये मुख्य स्ट्रीमचा बिटरेट दिसतो, बहुधा `2048`, `4096`, `6144` असा, आणि पुढे `Kbps` लिहिलेलं असतं. हजाराने भागलं की एमबीपीएस मिळतात, म्हणजे ४०९६ केबीपीएस म्हणजे ४.०९६ एमबीपीएस.

त्याच पानावर `CBR` किंवा `VBR` असा पर्याय असतो, आणि त्या आकड्याचा अर्थ त्यावर ठरतो. सीबीआर असेल तर कॅमेरा समोर काही घडो अथवा न घडो, जवळपास तेवढेच बिट पाठवत राहतो. व्हीबीआर असेल तर तो आकडा ही वरची मर्यादा असते. रिकाम्या खोलीत कॅमेरा त्याच्या तिसऱ्या हिश्शावरही चालतो, आणि समोर झाडं हलायला लागली की मर्यादेला जाऊन टेकतो.

आमच्या उदाहरणात फाटकावरच्या कॅमेऱ्याला ६१४४, बाहेरच्या तिघांना प्रत्येकी ४०९६ आणि आतल्या दोघांना प्रत्येकी २०४८ अशी मर्यादा ठेवली आहे. बेरीज २२,५२८ केबीपीएस, म्हणजे साधारण साडेबावीस एमबीपीएस.

नव्या माणसाला हमखास फसवणारी एक गोष्ट इथेच सांगतो. व्हिडिओ आकसून लहान करण्याच्या पद्धतीला कोडेक म्हणतात, एच २६४ ही जुनी आणि एच २६५ ही नवी. "एच २६५ लावलं की जागा निम्मी लागते" असं सर्रास ऐकायला मिळतं. पण कॅमेरा सीबीआरवर ४०९६ ला बांधलेला असेल आणि तुम्ही एच २६४ बदलून एच २६५ केलंत, तर जागा एका जीबीनेही वाचणार नाही. त्याच बिटमध्ये चित्र थोडं चांगलं येईल, एवढंच. जागा वाचवायची असेल तर कोडेक बदलल्यावर बिटरेटचा आकडाही हाताने खाली आणावा लागतो. मग रात्रीच्या चित्रात चेहरा किंवा गाडीचा नंबर अजून वाचता येतोय ना, हे डोळ्यांनी तपासायचं. ते वाचता येत नसेल तर वाचवलेली जागा काही कामाची नाही.

आवाजाची चिंता करू नका. ६४ केबीपीएसचा आवाज दिवसाला ०.७ जीबीसुद्धा घेत नाही.

पायरी ३: चोवीस तास मोजा, आणि रात्र सोडू नका

व्हीबीआर असेल तर मर्यादा आणि प्रत्यक्ष वापर यांत बरंच अंतर असू शकतं. ते मोजूनच कळतं, आणि मोजायचं तर पूर्ण एक दिवस आणि एक रात्र. हे मी चूक करून शिकलो. एका ठिकाणी दुपारी अर्धा तास रेकॉर्ड करून बघितलं, सरासरी १.८ एमबीपीएस आली, आणि त्यावरून तीस दिवसांची डिस्क घेतली. पुढे एका घटनेचं बावीस दिवसांपूर्वीचं फुटेज हवं होतं, तेव्हा डिस्कवर जेमतेम अठरा दिवसांचं निघालं. ज्यांना ते हवं होतं त्यांना "नाही" सांगावं लागलं. कारण शोधलं तर तेच कॅमेरे रात्रभर ४ एमबीपीएसच्या मर्यादेला टेकून चालत होते.

असं का होतं ते समजून घेणं गरजेचं आहे. अंधारात कॅमेरा सेन्सरचा सिग्नल वाढवतो, आणि त्याबरोबर चित्रातले रवाळ ठिपकेही वाढतात. ते ठिपके प्रत्येक फ्रेममध्ये जागा बदलतात. एन्कोडरला, म्हणजे व्हिडिओ लहान करणाऱ्या कॅमेऱ्यातल्या भागाला, ठिपका आणि माणूस यांतला फरक कळत नाही. त्याच्या दृष्टीने सगळं चित्र सतत हलतंय, म्हणून तो बिट ओतत राहतो. त्यामुळे रात्री, काहीही घडत नसताना, बाहेरचा कॅमेरा दिवसापेक्षा जास्त जागा खाऊ शकतो. इन्फ्रारेड दिव्याभोवती किडे जमले किंवा भिंगासमोर कोळ्याने जाळं विणलं की आणखी भर पडते.

मोजणं सोपं आहे. एक दिवस रेकॉर्ड करा आणि प्रत्येक कॅमेऱ्याच्या त्या दिवसाच्या फोल्डरचा आकार बघा. तासाभराच्या फाइली असतील तर दुपारी दोनची आणि रात्री दोनची शेजारी ठेवा. रात्रीची फाइल दुप्पट निघाली तर दुखणं कुठे आहे ते तिथेच कळतं. कॅमेऱ्यातला नॉइज कमी करायचा पर्याय थोडा वाढवणं, किंवा त्या जागी एक साधा दिवा लावणं, यानेही फरक पडतो. एखाद्या फाइलचा सरासरी बिटरेट थेट बघायचा असेल तर संगणकावर एवढं पुरतं:

```
ffprobe -v error -show_entries format=duration,bit_rate -of default=nw=1 clip.mp4
```

`bit_rate` समोर येणारा आकडा बिटमध्ये असतो. दहा लाखाने भागा, एमबीपीएस मिळतील.

समजा आमच्या उदाहरणात मोजमाप असं आलं: फाटकावरचा ४८ जीबी, बाहेरचे तीन प्रत्येकी ३१, आतले दोन प्रत्येकी ७. दिवसाची बेरीज १५५ जीबी. आता मर्यादेचा हिशोब करा: २२.५२८ गुणिले १०.८, म्हणजे सुमारे २४३ जीबी. त्याच सहा कॅमेऱ्यांचे हे दोन आकडे, आणि दोन्ही खरे आहेत. पहिला सर्वसाधारण दिवसाचा, दुसरा वाऱ्यापावसाच्या, वर्दळीच्या, सगळ्यात वाईट दिवसाचा. दोन्ही लिहून ठेवा, पुढे दोन्ही लागतील.

हालचाल झाली तरच रेकॉर्ड करायचं असेल तर? आतल्या कॅमेऱ्यांना ते चांगलं लागू पडतं. बाहेरच्यांच्या बाबतीत मात्र मी त्या बचतीवर डिस्कचा आकार ठरवत नाही. एक हलती फांदी, गाड्यांच्या दिव्यांचे भिंतीवर सरकणारे झोत, पाऊस, यातलं काहीही कॅमेऱ्याला दिवसभर जागं ठेवू शकतं, आणि मग "हालचालीपुरतं" रेकॉर्डिंग जवळपास सततच होऊन बसतं. तुमचं सॉफ्टवेअर करू देत असेल तर मधला मार्ग जास्त भरवशाचा आहे: उपस्ट्रीम, म्हणजे कॅमेऱ्याची कमी दर्जाची दुसरी स्ट्रीम, चोवीस तास, आणि हालचाल दिसली की मुख्य स्ट्रीम. ५१२ केबीपीएसची उपस्ट्रीम दिवसाला साडेपाच जीबीच घेते. हालचाल ओळखण्यात चूक झाली तरी निदान धूसर चित्र हाती राहतं.

पायरी ४: दिवसांनी गुणा, मग मोकळी जागा धरा

२४३.३ गुणिले ३० म्हणजे ७,२९९ जीबी, साधारण ७.३ टीबी. १५५ गुणिले ३० म्हणजे ४.६५ टीबी. पण एवढ्याच जागेची डिस्क घेऊन चालत नाही. व्हॉल्यूम, म्हणजे डिस्का मिळून बनलेली नॅसवरची जागा, काठोकाठ भरला की फाइल सिस्टम मंदावते, रेकॉर्डिंगच्या याद्यांचा डेटाबेस आणि जपून ठेवलेल्या क्लिपाही त्याच जागेत असतात, आणि जुनं पुसण्याचं काम अखंड चालत नाही, मधूनमधून होतं. मी व्हॉल्यूमच्या ८० टक्क्यांच्या पुढे रेकॉर्डिंग जाऊ देत नाही. म्हणून गरजेला ०.८ ने भागतो: ७.३ भागिले ०.८, म्हणजे सुमारे ९.१ टीबी वापरण्याजोगी जागा.

"वापरण्याजोगी" हा शब्द महत्त्वाचा आहे. डिस्कांच्या खोक्यांवरच्या आकड्यांची बेरीज म्हणजे ही जागा नव्हे.

पायरी ५: डिस्कवरचा आकडा आणि नॅसवर दिसणारा आकडा

डिस्क बनवणारे १ टीबी म्हणजे दहाचा बारावा घात इतके बाइट धरतात. बरेच नॅस मात्र १०२४ च्या पटीत मोजतात आणि तरीही पुढे `TB` असंच लिहितात. त्यामुळे ८ टीबीचा व्हॉल्यूम पडद्यावर ७.२८ दिसतो. जागा कुठे गेली नाही, मोजपट्टी बदलली. गोंधळ होतो तो एका मोजपट्टीतली गरज दुसऱ्या मोजपट्टीतल्या जागेशी ताडली की. १०.८ हा आकडा हजाराच्या पटीतला आहे, म्हणजे डिस्कच्या खोक्यावरचीच मोजपट्टी. शेवटपर्यंत त्याच पट्टीत हिशोब करा, आणि फक्त नॅसच्या पडद्याशी पडताळताना १.१ ने भागा. आमचे ७.३ टीबी नॅसवर ६.६४ दिसतील.

दुसरी वजाबाकी रेडची, म्हणजे एक डिस्क बिघडली तरी डेटा वाचावा म्हणून अनेक डिस्का एकत्र जोडण्याची. दोन डिस्कांच्या रेड १ मध्ये एकाच डिस्कएवढी जागा मिळते, कारण दुसरीवर तेच पुन्हा लिहिलं जातं. रेड ५ मध्ये, डिस्का सारख्या आकाराच्या असतील तर, एकूण संख्येतून एक वजा करायची. आता पर्याय तपासू.

४ टीबीच्या तीन डिस्का रेड ५ मध्ये लावल्या तर ८ टीबी मिळतात. ७.३ त्यात मावतात, म्हणून पुष्कळजण इथेच थांबतात. पण तसं केलं तर व्हॉल्यूम ९१ टक्के भरलेला राहील. १० टीबीच्या दोन डिस्का रेड १ मध्ये लावल्या तर १० टीबी मिळतात, आणि ७.३ म्हणजे ७३ टक्के. ६ टीबीच्या तीन डिस्का रेड ५ मध्ये लावल्या तर १२ टीबी, ६१ टक्के.

आता हिशोब उलटा करून बघा. माझ्या मते हीच पायरी निर्णयाची आहे:

```
days = usable GB × 0.8 / GB per day
```

४ टीबीच्या तीन डिस्कांवर, वाईट दिवसांच्या २४३ जीबीने २६ दिवस मिळतात, आणि सर्वसाधारण १५५ जीबीने ४१. म्हणजे प्रश्न आता "किती टीबी" एवढाच राहत नाही. ३० दिवस ही तुमची इच्छा आहे की बंधन? विमा, नियम किंवा करार यांमुळे ३० दिवस सक्तीचे असतील तर वाईट दिवसांचा आकडा धरा, आणि हा पर्याय सोडून द्या. नुसती सोय म्हणून ३० म्हणत असाल तर वर्षातले काही दिवस २६ वर समाधान मानायला हरकत नाही, आणि तुमची एक मोठी खरेदी वाचते. आमच्या उदाहरणात ३० दिवस सक्तीचे धरू, म्हणून १० टीबीच्या दोन डिस्का. ८,००० जीबी भागिले २४३.३, म्हणजे जवळपास ३३ दिवस.

डिस्क कोणत्या जातीची घ्यावी हे थोडक्यात. रेकॉर्डिंग म्हणजे वर्षभर अखंड लेखन. २४३ जीबी रोज म्हणजे वर्षाला सुमारे ८९ टीबी, आणि रेड १ मध्ये हे सगळं दोन्ही डिस्कांवर लिहिलं जातं. पाळत ठेवण्याच्या कामासाठी बनवलेल्या डिस्कांवर, उदाहरणार्थ डब्ल्यूडी पर्पल किंवा सीगेट स्कायहॉक, वर्षाला १८० टीबी अशी मर्यादा दिलेली असते. आमचं काम त्यात आरामात बसतं. डिस्कच्या माहितीपत्रकात `CMR` लिहिलंय ना, तेवढं बघा. `SMR` प्रकारच्या डिस्का एक डिस्क बदलून रेड पुन्हा बांधताना फार रेंगाळतात. नेटवर्कच्या वेगाची मात्र इथे काळजी नको, साडेबावीस एमबीपीएस म्हणजे सेकंदाला तीन एमबीसुद्धा नाही.

पायरी ६: पुसण्याच्या मर्यादा लावा, दोन्ही

रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये जुनं पुसण्यासाठी सहसा दोन अटी असतात: इतक्या दिवसांनी पुसा, किंवा इतकी जागा भरली की पुसा. दोन्ही लावा. जी आधी पूर्ण होईल ती लागू होते. दिवस ३०, आणि जागेची मर्यादा ८ टीबी, म्हणजे नॅसच्या पडद्यावर साधारण ७.२७. फक्त दिवसांची अट लावलीत आणि मधल्या काळात बिटरेट वाढला, तर तिसावा दिवस येण्याआधीच व्हॉल्यूम भरतो, आणि काही सॉफ्टवेअर अशा वेळी नवं रेकॉर्डिंगच थांबवतात. जुने चार दिवस गमावणं परवडतं, पण कालची रात्र गमावून चालत नाही.

याच ठिकाणी दोन सेटिंग जागा गिळतात आणि हिशोबात कुठेच दिसत नाहीत. पहिली म्हणजे स्नॅपशॉट, फोल्डरची एका क्षणाची जपून ठेवलेली अवस्था. रेकॉर्डिंगच्या फोल्डरवर स्नॅपशॉट चालू असतील तर पुसलेली फाइल प्रत्यक्षात पुसली जात नाही, स्नॅपशॉट तिला धरून ठेवतो. यादीत ३० दिवस दिसतात आणि व्हॉल्यूमवर ४० दिवसांचं ओझं असतं. दुसरी म्हणजे नेटवर्क रिसायकल बिन. रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर दुसऱ्या संगणकावर चालून नॅसच्या शेअर्ड फोल्डरमध्ये लिहीत असेल, तर त्याने पुसलेल्या फाइली त्या बिनमध्ये जाऊन साचतात. फोल्डरचा आकार आणि व्हॉल्यूमवर भरलेली जागा यांत मोठा फरक दिसला की आधी या दोन्ही जागा तपासा. रेकॉर्डिंगच्या फोल्डरसाठी मी दोन्ही बंदच ठेवतो.

नॅसवर फोटो, कागदपत्रं किंवा बॅकअप असेल तर रेकॉर्डिंगला वेगळा व्हॉल्यूम द्या, निदान फोल्डरला कोटा तरी लावा. नाहीतर दोघे एकमेकांची जागा खात राहतात.

पायरी ७: एकतिसाव्या दिवशी बघा

पहिल्या आठवड्यात सगळं ठीकच दिसतं, कारण डिस्क रिकामी असते. खरी परीक्षा पुसणं सुरू झाल्यावर होते. एकतिसाव्या दिवशी प्रत्येक कॅमेऱ्याचं सगळ्यात जुनं रेकॉर्डिंग कोणत्या तारखेचं आहे ते बघा. नुसती तारीख बघून थांबू नका, ती क्लिप चालवूनही बघा. मग महिन्यातून एकदा तेच करा. एकाच कॅमेऱ्याचे दिवस कमी असतील तर त्याचा बिटरेट किंवा त्याची मर्यादा बदललेली असते. फर्मवेअर अपडेट झाल्यावर कॅमेरा पुन्हा कारखान्याच्या सेटिंगवर जाऊ शकतो. सगळ्यांचेच दिवस घटले असतील तर जागेची अट आधी लागू होतेय.

आणि कॅमेरा वाढवण्यापूर्वी उलटा हिशोब पुन्हा करा. आमच्या सहांमध्ये बाहेर एक सातवा, ४०९६ चा, लावायचा आहे समजा. रोजचे ४४.२ जीबी वाढून २८७.५ होतात, आणि त्याच दोन डिस्कांवर ३३ दिवसांचे पावणेअठ्ठावीस होतात. ३० सक्तीचे आहेत, म्हणजे हे चालणार नाही. मोठ्या डिस्का घेण्याआधी आतल्या दोन कॅमेऱ्यांकडे बघा. ते मोजमापात दिवसाला ७ जीबीच घेत होते, त्यांना २०४८ ची मर्यादा गरजेपेक्षा सैल आहे. ती १०२४ केली की वाईट दिवसाचा हिशोब २२.१ जीबीने उतरतो, २६५.४ वर येतो, आणि ८,००० ला त्याने भागलं की ३०.१ दिवस.